दुभाष्याच्या वहीतले पान

व्यापारी बैठकीत मराठी आणि इंग्रजी बोलणाऱ्या दोन बाजू समोरासमोर बसल्या की दुभाषी बहुधा कन्सेक्युटिव्ह पद्धतीने काम करतो. एक जण मिनिट-दोन मिनिटे, फार तर तीन-चार मिनिटे बोलतो आणि थांबतो. मग दुभाषी तेवढा सगळा भाग दुसऱ्या भाषेत सांगतो. काचेच्या खोलीत हेडफोन लावून, बोलणाऱ्याच्या पाठोपाठ भाषांतर करत जाण्याची सायमल्टेनियस पद्धत मोठ्या परिषदांसाठी असते. दहा-बारा माणसांच्या टेबलाला तो सरंजाम परवडत नाही. शिवाय सौदा करणाऱ्याला समोरच्याचे बोलणे चालू असताना त्याचा चेहरा वाचायचा असतो, आणि उत्तर द्यायच्या आधी थोडी उसंतही हवी असते. कन्सेक्युटिव्ह पद्धतीत या दोन्ही गोष्टी आपसूक मिळतात.

दोन मिनिटांच्या बोलण्यात दोनशे-अडीचशे शब्द सहज होतात. त्यांचा एकूण आशय चांगल्या श्रोत्याच्या लक्षात राहतो. एखादा किस्सा किंवा युक्तिवाद असेल तर तो कागदावर न लिहिताही सांगता येतो. निसटतात त्या वेगळ्याच गोष्टी: आकडे, नावे, तारखा, चार-पाच वस्तूंची यादी, कोणत्या अटीवर काय कबूल केले, आणि ते कोणी केले. व्यापारी बैठकीत नेमका याच गोष्टींवरून पुढे वाद होतो. म्हणून दुभाष्याच्या हातात वही असते. त्या वहीत बोलणे उतरवलेले नसते. ज्या गोष्टी डोक्यात टिकत नाहीत त्या, आणि त्यांना जोडणारे सांधे, एवढेच तिच्यात असते.

मग सरळ लघुलेखन का शिकू नये, असा प्रश्न नवशिक्याला पडतो. स्टेनोला शब्द न् शब्द हवा असतो, आणि लघुलिपीत तो मिळतो. पण लघुलिपीतले पान पुन्हा शब्दाशब्दाने वाचावे लागते. एका नजरेत ते अर्थ देत नाही. दुभाष्याला वाचायला वेळ नसतो. त्याने पानाकडे क्षणभर पाहायचे असते आणि मान वर करून बोलायचे असते. दुसरी अडचण अवधानाची आहे. फ्रेंच अभ्यासक दानिएल जील यांनी दुभाष्याच्या कामाची मांडणी करताना दाखवले की ऐकणे व समजणे, लक्षात धरणे आणि लिहिणे या तिन्ही कामांना एकाच मर्यादित अवधानातून वाटा मिळतो. लिहिण्याने जास्त वाटा घेतला की ऐकणे उपाशी राहते. जो दुभाषी सर्व काही लिहायला जातो, त्याने अर्धे ऐकलेलेच नसते.

टिपणाचे शास्त्र प्रथम नीट बांधले गेले ते जिनिव्हात. तिथले दुभाषी व शिक्षक झाँ-फ्रांस्वा रोझाँ यांनी १९५६ साली या विषयावर छोटेखानी फ्रेंच पुस्तक लिहिले, आणि आजही जगभरचे प्रशिक्षण त्याच पायावर उभे आहे. शब्द न टिपता कल्पना टिपावी, संक्षेप ठरावीक रीतीने करावेत, वाक्यांमधले दुवे जरूर लिहावेत, नकार आणि जोर ठळक दाखवावेत, मजकूर आडवा न लिहिता वरून खाली लिहावा आणि पायरीपायरीने उजवीकडे सरकवावा, ही त्यांची सात तत्त्वे. चिन्हांच्या बाबतीत रोझाँ कंजूष होते: वीस चिन्हे पुरेत, त्यांतली दहाच खरी अत्यावश्यक, असे त्यांचे म्हणणे. पुढे हायडेलबर्गच्या हाइन्झ मातिसेक यांनी चिन्हांची मोठी पद्धत रचली, पण कामावरच्या बहुतेक दुभाष्यांचा हात रोझाँच्याच बाजूला जातो. ऐन बैठकीत चिन्ह आठवत बसण्यापेक्षा अर्धा शब्द लिहून मोकळे होणे बरे.

ही तत्त्वे युरोपीय भाषांवर घडली. मराठी-इंग्रजी जोडीत ती लागू पडतात, पण दोन-तीन ठिकाणी त्यांना वेगळे वळण द्यावे लागते.

आधी साधनांबद्दल थोडक्यात. वही वरच्या बाजूला स्पायरल असलेली, बातमीदार वापरतात तशी. उभ्याने हातात धरली तरी वाकू नये म्हणून मागे जाड पुठ्ठा असलेली. पानाच्या एकाच बाजूला लिहायचे, म्हणजे पाने उलटताना गोंधळ होत नाही. डावीकडे दोन-अडीच सेंटिमीटरचा समास आखून मोकळा ठेवायचा. एक माणूस बोलून थांबला की पानावर आडवी रेघ मारायची, आणि तो भाग सांगून झाला की त्यावर तिरकी काट मारायची, म्हणजे पुढच्या खेपेला नजर जुन्या मजकुरात अडकत नाही. पहिल्या पानावर बैठकीच्या आधीच हजर माणसांची नावे, हुद्दे, कंपन्यांची व मालाची नावे आणि त्यांचे ठरवलेले संक्षेप लिहून ठेवायचे. पेन दोन. याहून जास्त सामग्री लागत नाही.

खरा प्रश्न आहे पानावरच्या जागेचा. रोझाँच्या पद्धतीत कर्ता डावीकडे वर, क्रियापद त्याच्या खाली थोडे उजवीकडे, कर्म आणखी खाली आणखी उजवीकडे, असे जिन्याने लिहितात. इंग्रजी वाक्य याच क्रमाने येते, त्यामुळे इंग्रजी ऐकताना हात आपोआप खाली सरकतो. मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येते. तेवढ्यावर भागत नाही. होकार की नकार, ठाम वचन की नुसती शक्यता, हेही मराठीत शेवटच्या दोन शब्दांत कळते. ‘पुढच्या महिन्यापासून दर आठवड्याला दोन गाड्या जादा पाठवायला आम्हाला’ इथपर्यंत ऐकून दुभाष्याला काहीही कळलेले नसते. पुढे ‘जमेल’ येते, ‘जमणार नाही’ येते, ‘हरकत नाही’ येते किंवा ‘बघावं लागेल’ येते, आणि सौदा इकडचा तिकडे होतो.

म्हणून मराठी ऐकताना कर्ता लिहून झाला की त्याच्या खालची पायरी रिकामी सोडायची, कर्म आणि तपशील त्याच्याही खाली टिपायचे, आणि वाक्य संपल्यावर वर येऊन त्या रिकाम्या पायरीत क्रियापद भरायचे. पानावर मग इंग्रजी क्रम तयार असतो. सांगताना वाक्य फिरवावे लागत नाही, ते लिहितानाच फिरलेले असते. सुरुवातीला ही रिकामी जागा भयंकर वाटते, कारण हाताला थांबायची सवय नसते. पण मराठीतून इंग्रजीत जाणाऱ्याने शिकण्यासारखी एकच गोष्ट निवडायची झाली तर ती हीच आहे. वाक्य संपेपर्यंत निर्णयाचा शब्द लिहायचा नाही.

आता संक्षेपांकडे. टिपणे कोणत्या भाषेत घ्यावीत, ऐकतो तिच्यात की सांगायची तिच्यात, यावर शिक्षकांमध्ये जुना वाद आहे. व्यवहारात सरमिसळ होते आणि त्यात गैर काही नाही. देवनागरीत लिहिणारे शिरोरेघ सोडून देतात, त्याने हात बराच मोकळा होतो. मात्र शब्दाचे पहिले अक्षर घेऊन भागवण्याची सवय मराठीत दगा देते. ‘उत्प’ म्हणजे उत्पादन की उत्पन्न? बैठकीच्या ओघात स्पष्ट वाटणारे हे अक्षर दोन मिनिटांनी दोन्हीही असू शकते, आणि ‘उत्पादन वीस टक्के घटले’ याच्या जागी ‘उत्पन्न वीस टक्के घटले’ असे सांगितले गेले तर समोरचा बँकेचा माणूस ताठ होऊन बसतो. ‘नि’ लिहिले तर निर्यात, निविदा आणि नियम तिन्ही रांगेत उभे. उपाय रोझाँचाच आहे: शब्दाचा आरंभ आणि शेवट घ्यायचा, शेवटचे अक्षर वर बारीक लिहायचे. उत्पादनासाठी ‘उत्‌’वर बारीक ‘दन’, उत्पन्नासाठी ‘उत्‌’वर ‘न्न’. निर्यातीला ‘निर्त’, निविदेला ‘निदा’. एकदा ठरवले की बदलायचे नाही, आणि बैठक चालू असताना नवे चिन्ह शोधायचे नाही. आयत्या वेळी सुचलेले चिन्ह लिहिताना मोठे हुशार वाटते. वाचताना ते कोणी, कशासाठी काढले हेच आठवत नाही.

मराठीच्या प्रत्ययांची मात्र चिंता करू नये. ‘ने’, ‘ला’, ‘पासून’, ‘पर्यंत’ यांचे काम बाण आणि गणिती खुणा करतात. कोणाकडून कोणाकडे ते बाण सांगतो. ‘पर्यंत’ला ≤, ‘किमान’ला ≥, ‘म्हणून’ला ∴, ‘कारण’ला ∵. वाढ-घट वर-खाली बाणांनी, होकार ✓ ने, नकार ✗ ने. जोरासाठी शब्दाखाली रेघ, फार जोरासाठी दोन रेघा, आणि ‘थोडेसे’, ‘जरासे’, ‘असे वाटते’ यांसाठी नागमोडी रेघ. एवढ्या सामग्रीवर बहुतेक बैठक निभते.

पद्धत कशी चालते ते एका नमुन्यावर पाहता येईल. नाशिक भागातून युरोपात थॉमसन सीडलेस द्राक्षे पाठवणारी शेतकऱ्यांची एक कंपनी आणि इंग्रजीत बोलणारा परदेशी खरेदीदार, अशी बैठक आहे असे धरू. कंपनीचे अध्यक्ष बोलतात:

‘गेल्या हंगामात आम्ही तुम्हाला अठ्ठावीस कंटेनर थॉमसन दिले. सव्वीस नीट पोचले, दोनाबद्दल तक्रार आली. बोट आफ्रिकेला वळसा घालून गेली, बारा दिवस जास्त लागले, त्यामुळे माल जरा नरम पडला. पण आमच्या पॅकहाउसमधून निघताना रेसिड्यूचे रिपोर्ट, साखर, साइझ, सगळं बरोबर होतं. त्यामुळे त्या दोन कंटेनरपोटी तुम्ही बिलातून कापलेले पावणेआठ लाख आम्हाला मान्य आहेत असं नाही. पण त्यावर वाद घालत बसायची आमची इच्छा नाही. यंदा तुम्ही किलोला किमान सव्वाशे रुपये धरलेत, आणि त्या कपातीचा मुद्दा आपण एकत्र बसून मिटवला, तर चाळीस कंटेनरपर्यंत द्यायला आमची हरकत नाही. फक्त पहिला लॉट पंधरा जानेवारीच्या आत मागू नका, त्याआधी साखर भरत नाही.’

बोलायला एक मिनिट लागते. वहीत उतरते ते साधारण असे:

```
गे.हं.
आ
    → तु
        २८ कं थॉ
           २६ ✓
           २ तक्रार
--------------------
बोट
    आफ्रि वळसा
        +१२ दि
        ∴ माल नरम ~
पण
    पॅकहा. ←
        रेसि
        साखर   ✓
        साइझ
--------------------
∴   तु
        बिल − ७.७५ ला रु
            (२ कं)
    आ  मान्य ✗ ~
पण  वाद ✗
--------------------
जर  ≥ १२५ रु/कि (तु)
    + कपात: आ+तु मिटव
तर  आ ✓
        ≤ ४० कं
फक्त
    लॉट १ ✗ < १५/१
        ∵ साखर
```

पान पाहिल्यावर प्रथम डोळ्यांत भरतात ते डाव्या समासातले शब्द: पण, म्हणून, पण, जर, तर, फक्त. बोलण्याचा सांगाडा तोच आहे. हे सहा शब्द वाचले तरी माणूस काय करत होता ते कळते: घडलेले सांगितले, जबाबदारी नाकारली, तडजोडीचा हात पुढे केला, अट घातली, एक अपवाद राखला. नवशिक्याच्या वहीत नामे खूप असतात आणि हे दुवे नसतात. अशा टिपणांवरून तो सगळे मुद्दे सांगतो, पण ऐकणाऱ्याला ते तुटक वाटतात; अध्यक्षांनी बारा दिवसांचा उल्लेख का केला हे समजत नाही.

दुसरी पाहण्यासारखी गोष्ट नकारांची. अध्यक्षांनी पाच वाक्ये नकारात संपवली, पण ती सगळी नकाराची नाहीत. ‘मान्य आहेत असं नाही’ हा नकार आहे, मात्र दरवाजा बंद न करणारा. म्हणून ✗ पुढे नागमोडी खूण आहे. इंग्रजीत सांगताना सरळ ‘रिजेक्ट’ म्हटले तर बैठकीतले हवामान बिघडेल. ‘वाद घालत बसायची इच्छा नाही’ हा समेटाचा सूर आहे. ‘हरकत नाही’ हा तर चक्क होकार, त्यामुळे तिथे ✓ आहे. कानावर पडलेला ‘नाही’ तसाच टिपला असता तर चाळीस कंटेनरांपुढे फुली बसली असती. ‘मागू नका’ला कालमर्यादा चिकटलेली आहे. ‘साखर भरत नाही’ हे नुसते कारण आहे, तिथे ∵ साखर एवढे पुरते, बाकीचे डोक्यात असते. शब्दाऐवजी कल्पना टिपा असे रोझाँ म्हणतात, त्याचा अर्थ अशा जागी कळतो.

‘तुम्ही बिलातून कापलेले पावणेआठ लाख’ या रचनेकडेही पाहावे. मराठीत विशेषणाची ही शेपटी नामाच्या पुढे येते आणि मुख्य वाक्य तिच्यामागे लटकते. टिपणात ती वेगळी काढली आहे: तुम्ही बिलातून एवढे कमी केलेत, हे एक, आम्हाला ते मान्य नाही, हे दुसरे. एका लांब वाक्याची दोन छोटी वाक्ये पानावरच झाली, आणि इंग्रजीत ती तशीच सांगता येतात.

आणि ‘आ’ व ‘आ+तु’. मराठीत ‘आम्ही’ म्हणजे फक्त बोलणाऱ्याची बाजू आणि ‘आपण’ म्हणजे दोन्ही बाजू मिळून. इंग्रजीत दोन्हीला एकच सर्वनाम. कपातीचा मुद्दा आपण मिटवू, म्हणजे दोघांनी बसून मिटवू. हे इंग्रजीत नुसत्या ‘वुई’ने सांगितले तर खरेदीदार असे समजेल की कंपनी स्वतःच ते पैसे सोडून देत आहे. म्हणून वहीत दोघांना दोन खुणा हव्यात आणि सांगताना ‘टुगेदर’ किंवा ‘बोथ साइड्स’ असे काहीतरी जोडावे लागते. भरीला ‘आपण’ आदरार्थी ‘तुम्ही’ म्हणूनही येतो: ‘आपण दर सांगा, मग बघू.’ तिथे खूण ‘तु’. ऐकताना क्षणभर शंका आली तर ‘आ+तु?’ असे प्रश्नचिन्हासह लिहावे आणि सांगण्याआधी बोलणाऱ्याला सरळ विचारावे. बैठकीत असे विचारणे कमीपणाचे नाही. तो दुभाष्याच्या कामाचाच भाग आहे.

आकड्यांची गोष्ट स्वतंत्र आहे, कारण तिथे स्मरणशक्तीचा काहीच उपयोग नसतो. आकडा कानावर पडताच बाकी सगळे सोडून तो अंकात लिहायचा, आणि त्याला चिकटलेले एकक त्याच दमात लिहायचे. मराठीतले दोन प्रकार हाताला अडखळवतात. एक म्हणजे एकोणतीस, एकोणसत्तर, एकोणऐंशी हे शब्द, ज्यांत पुढच्या दशकाचे नाव ऐकू येते आणि हात ३, ७ किंवा ८ लिहून मोकळा होतो. दुसरा म्हणजे पावकीचे शब्द: सव्वाशे म्हणजे १२५, दीडशे १५०, पावणेदोनशे १७५, अडीच लाख २,५०,०००, पावणेचार कोटी ३.७५ कोटी. हे दशांशात टिपायची सवय एवढी मुरलेली असावी की ‘पावणे’ ऐकताच पुढच्या आकड्यातून पाव वजा होऊन कागदावर यावा. वर ‘पावणेआठ लाख’ थेट ७.७५ ला म्हणून उतरले ते त्यामुळेच.

मग लाख-कोटी आणि मिलियन-बिलियन. एक मिलियन म्हणजे दहा लाख, एक कोटी म्हणजे दहा मिलियन, एक बिलियन म्हणजे शंभर कोटी, हे पाठ असूनही बोलताना शून्य चुकते. यावर सर्वांत भरवशाचा उपाय तोंडी हिशेबाचा नाही, स्वल्पविरामाचा आहे. आकडा पूर्ण अंकांत लिहायचा आणि फक्त विराम हलवायचे. मराठीत उजवीकडून आधी तीन आणि मग दोन-दोन अंकांचे गट पडतात, इंग्रजीत सगळे तीन-तीनचे. ३,७५,००,००० हेच अंक दुसऱ्या विरामांनी ३७,५००,००० होतात, आणि डोळ्यांना सदतीस पॉइंट पाच मिलियन दिसू लागते. अध्यक्षांचे ७,७५,००० असेच ७७५,००० होऊन ‘सेव्हन हंड्रेड सेव्हंटी-फाइव्ह थाउजंड रुपीज’ म्हणून बाहेर येतात. अंक बदलत नाहीत, त्यामुळे चूक व्हायला जागाच कमी राहते. ऐकताना वेळ नसेल तर मूळ पद्धतीत टिपून ठेवावे आणि बोलणारा पुढचे वाक्य जुळवत असताना शेजारी विरामांसह लिहावे. आकड्याबद्दल खात्री नसेल तर त्याभोवती वर्तुळ काढतात. वर्तुळ दिसले की सांगण्याआधी विचारून घ्यायचे. अंदाजाने सांगितलेला आकडा बैठकीत टिकला तर तो थेट करारात जातो.

तारखांमध्येही अशीच एक खोच आहे. ‘परवा’ मागचाही असतो आणि पुढचाही, म्हणून वहीत ‘परवा’ न लिहिता +२ किंवा −२ लिहावे, किंवा सरळ तारीख. ‘शेवटची तिमाही’ म्हटल्यावर इथल्या माणसाच्या डोक्यात एप्रिल ते मार्चचे आर्थिक वर्ष आणि जानेवारी ते मार्च असते. जानेवारी ते डिसेंबर वर्ष धरणाऱ्या कंपनीच्या माणसाच्या मनात ऑक्टोबर ते डिसेंबर. टिपणात महिने लिहिले की हा घोळ सांगण्याआधीच उघडा पडतो.

आता उलट दिशा. इंग्रजी बोलणारा क्रियापद लवकर देतो, त्यामुळे टिपणे सुरू करणे सोपे जाते; त्याची अट मात्र वाक्याच्या शेपटाला येते. खरेदीदार उत्तर देतो त्याचा आशय असा: चाळीस कंटेनर घेऊ, सव्वाशेच्या दराने, जानेवारीच्या मध्यापासून, पण प्रत्येक लॉटचा रेसिड्यू रिपोर्ट माल चढवण्याआधी आमच्या हाती आला असेल तरच. इंग्रजीत ‘प्रोव्हायडेड दॅट’ हे शब्द येईपर्यंत चार ओळी लिहून झालेल्या असतात. मराठीत हे याच क्रमाने सांगितले तर अध्यक्षांनी ‘घेऊ’ ऐकताच मान डोलावलेली असते आणि अट कानाआड होते. मराठीचा कल अट आधी सांगण्याकडे आहे: रिपोर्ट आधी आला, तर चाळीस कंटेनर घेऊ. म्हणूनच डावीकडचा समास मोकळा राखायचा असतो. अट ऐकू आली की ती खाली टिपायची, समासात ‘जर’ लिहायचे आणि तिथून एक बाण चार ओळी वर, ‘घेऊ’च्याही डोक्यावर नेऊन ठेवायचा. सांगताना नजर बाणाच्या मागे जाते आणि अटीपासून सुरुवात होते. ‘अनलेस’ आले तर तीच युक्ती, फक्त ‘जर’शेजारी ✗. ‘सब्जेक्ट टू’ हे इंग्रजी व्यापाऱ्याचे आवडते शब्द नम्रपणे येतात, पण त्यांच्या मागे अटच असते. त्यांनाही हाच बाण मिळतो.

इंग्रजीतून ऐकताना बांधिलकीची पातळी टिपणे अधिक कटकटीचे असते. ‘विल’, ‘वुड’, ‘मे’, ‘कुड’, ‘शुड’ हे छोटे शब्द पटकन निसटतात, आणि मराठीत सगळ्यांचे ‘करू’ होऊन जाते. ठाम वचनाला क्रियापदाखाली रेघ, शक्यतेला नागमोडी, ‘करायला हवे’ला उद्गारचिन्ह, एवढे तीन फरक पाळले तरी ‘घेणार आहोत’, ‘घेऊ शकतो’ आणि ‘घ्यायला हवे’ वेगळे राहतात. मराठी बाजूनेही ‘बघू’ आणि ‘करून टाकू’ यांतला फरक असाच रेघेने धरावा. ‘बघू’ला होकार समजून इंग्रजीत सांगणे ही दुभाष्याच्या हातून होणारी फार महागडी चूक आहे, तो शब्द अनेकदा सभ्य नकार असतो, आणि दुभाष्याने तो ना होकार करावा ना नकार. नागमोडी रेघेसह जसा आला तसा, अर्धवटच, पलीकडे पोचवावा.

टिपणे बिघडत चालली आहेत हे दुभाष्याला स्वतःला कसे कळावे? सर्वांत आधीची खूण म्हणजे डोके खाली राहणे. बोलणाऱ्याकडे पाहायला सवडच मिळत नसेल, तर लिहिणे फार होत आहे. सांगताना वाक्ये मूळ भाषेच्या क्रमाने बाहेर पडू लागली, इंग्रजीत क्रियापद शेवटाला येऊ लागले किंवा मराठीत ‘जे की’, ‘जेणेकरून’ यांची माळ लागली, तरी कारण तेच: कल्पनेऐवजी शब्द टिपले गेले. उलट, आकडे आणि नावे बरोबर येतात पण कोणी कोणाला काय म्हटले ते सांगताना चाचपडावे लागते, तेव्हा कर्ता लिहायचा राहिला आहे. मराठी बोलणारा कर्ता सर्रास गाळतो. ‘पाठवलं होतं, मिळालं नाही’ यात कोणी पाठवले आणि कोणाला मिळाले नाही हे प्रसंगावरून कळते. इंग्रजी वाक्य कर्त्याशिवाय उभे राहत नाही. म्हणून बोलणाऱ्याने म्हटले नसले तरी वहीत ‘आ’ किंवा ‘तु’ लिहायचाच. आणि एखादा पाच मिनिटे थांबतच नसेल तर टिपणे ताणत बसण्यापेक्षा वाक्य पूर्ण होताच पेन किंचित वर करून थांबण्याची खूण करणे चांगले. बैठकीआधी दोन्ही बाजूंना ही खूण सांगून ठेवलेली असते.

सांगायला सुरुवात करताना शेवटचा भाग ताजा असतो आणि पहिला जुना झालेला असतो, म्हणून अनुभवी दुभाषी पहिली ओळ जरा सविस्तर टिपतात. शेवटही नीट लिहिलेला हवा, कारण बहुधा मागणी किंवा प्रस्ताव शेवटी येतो आणि अडखळून संपलेले बोलणे प्रस्तावालाच कमकुवत करते. बोलताना एक टप्पा पाहायचा, मान वर करून तो सांगायचा, आणि त्याचे शेवटचे शब्द तोंडात असतानाच पुढच्या टप्प्यावर नजर टाकायची. हे जमायला टिपणे विरळ हवीत. एका पानावर दहा-बारा ओळींपेक्षा जास्त असतील तर नजरेला रांगावे लागते. वरचा नमुना छपाईसाठी दाटीने दिला आहे. प्रत्यक्षात तो दोन-तीन पाने घेईल.

ही टिपणे बैठकीचे इतिवृत्त नसतात, आणि तसे कोणी मागितले तर देऊ नयेत. ती लिहिणाऱ्यालाही दुसऱ्या दिवशी नीट लागत नाहीत, कारण त्यांचा निम्मा अर्थ त्या वेळच्या ताज्या स्मृतीत असतो. याला अपवाद झाल्याचे एक नामांकित उदाहरण आहे. १९१९च्या पॅरिस शांतता परिषदेत बड्या चार नेत्यांच्या बैठकांत दुभाषी असलेले इतिहासकार पॉल मांतू यांनी टिपणांवरून त्या चर्चांची नोंद तयार केली, आणि ती १९५५ साली पुस्तकरूपाने निघाली. आजच्या व्यापारी बैठकीत गोपनीयतेचे बंधन कडक असते. दर, कपात आणि मालाच्या तक्रारी असलेली पाने बैठक संपल्यावर फाडून नष्ट करतात, किंवा करारात तसे ठरले असेल तर ज्याने दुभाषी नेमला त्याच्याकडे देतात. वहीत राहते ते पहिले पान, नावांचे आणि संक्षेपांचे. तेही पुढच्या बैठकीला त्याच कंपन्या असतील तरच.